इंग्रजी सूचनांमधले वाक्प्रचार आणि फ्रेझल व्हर्ब : सोपे करायचे म्हणजे नेमके काय बदलायचे?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. शीतकक्षाच्या देखभालीची एक इंग्रजी सूचनापुस्तिका सध्या माझ्याकडे संपादनासाठी आहे. ती वाचणारे तंत्रज्ञ निरनिराळ्या भाषांचे असून त्यांपैकी कोणाचीही पहिली भाषा इंग्रजी नाही. शाळेत शिकवतात तेवढे इंग्रजी सर्वांना येते आणि यंत्र तर माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक कळते. लेखकाची पहिली भाषा मात्र इंग्रजीच आहे आणि तो अगदी बोलल्यासारखे लिहितो. पुस्तिकेतला एक परिच्छेद नमुन्यादाखल देतो.

‘इफ द अलार्म गोज ऑफ, डोन्ट पॅनिक. शट द युनिट डाउन, लुक इन्टू व्हॉट सेट इट ऑफ, अँड गेट बॅक टू द सुपरव्हायझर बिफोर यू स्टार्ट इट अप अगेन. नेव्हर कट कॉर्नर्स.’

छपाईपूर्वी हा मजकूर काही तंत्रज्ञांना वाचायला दिला आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत अर्थ सांगायला लावला. त्यांपैकी एकाने अगदी ठामपणे सांगितले की, गजर बंद झाला की यंत्र बंद करायचे आहे. त्याचा तर्क सरळ होता. समोरच्या फलकावर बटणाखाली `OFF` असे लिहिलेले आहे आणि त्याचा अर्थ ‘बंद’ असाच होतो, मग गजर ‘ऑफ’ गेला म्हणजे तो बंद पडला असणार. प्रत्यक्षात वाक्याचा अर्थ याच्या नेमका उलट, म्हणजे गजर वाजू लागणे, असा आहे.

मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. वाचनसुलभता मोजणाऱ्या साधनाने हा परिच्छेद लहान मुलांनाही समजेल इतका सोपा ठरवला आहे. शब्द छोटे, वाक्ये बेताची, त्यामुळे साधनाच्या लेखी तक्रारीला जागाच नाही. तेव्हा प्रश्न असा की, कोणते शब्दप्रयोग बदलायचे, कोणते ठेवायचे आणि बदलायचे तर कशाने, हे ठरवण्याची कसोटी कोणती? आवडीनिवडीवर हे सोडावे असे मला वाटत नाही.

चौकटराजा

याचे उत्तर फार अवघड नाही. फ्रेझल व्हर्ब दिसले की ते काढून त्या जागी एकच क्रियापद ठेवावे. ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘लुक इन्टू’ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘पुट आउट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’. एका शब्दाला शब्दकोशात एकच जागा असते, वाचक तेथे जातो आणि अर्थ घेऊन परत येतो. विमानांच्या देखभालीच्या कागदपत्रांसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचे जे मानक आहे, त्यातही दोन शब्द जोडून फ्रेझल व्हर्ब बनवू नये असा स्पष्ट नियम आहे. विमानाला जे चालते ते शीतकक्षालाही चालावे. वाक्प्रचारांचे तर काय, ते सरसकट गाळावेत.

मोगरा

खूप उपयुक्त विषय काढलात. मलाही फ्रेझल व्हर्ब अजिबात लक्षात राहत नाहीत आणि परीक्षा जवळ आली आहे. ‘टेक’पासून होणारे सगळे एकत्र पाठ करावेत की ‘ऑफ’पासून होणारे? कोणाकडे मराठी अर्थांसह चांगली यादी असल्यास कृपया येथे द्यावी. रोज थोडे थोडे पाठ केल्यास तंत्रज्ञांनाही जमेल असे वाटते.

अर्धविराम

मोगरा, आपला प्रश्न शिकणाऱ्याच्या बाजूचा आहे आणि माझा लिहिणाऱ्याच्या. माझ्या वाचकाला इंग्रजी शिकवण्याचे काम माझ्याकडे नाही. गजर वाजत असताना त्याने योग्य ते करावे, एवढ्याचीच जबाबदारी माझ्यावर आहे. यादीसाठी आपण स्वतंत्र प्रश्न विचारावा, तेथे अधिक लोक मदत करतील.

चौकटराजा, आपला नियम सुटसुटीत आहे, पण ‘एक्स्टिंग्विश’ हा शब्द माझ्या तंत्रज्ञांपैकी किती जणांना ठाऊक असेल याची शंका वाटते.

तळटीप

नियंत्रित इंग्रजीत तांत्रिक मजकूर लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी त्या साधनाविषयी. फ्लेश यांनी 1948 साली मांडलेले सूत्र दोनच गोष्टी पाहते : वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि शब्दात सरासरी किती अक्षरोच्चार आहेत. अर्थाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘वी कॅनॉट टॉलरेट डिले’ या वाक्यात चार शब्द आणि आठ उच्चार आहेत, म्हणून त्याला शंभरच्या पट्टीवर साधारण 34 गुण मिळतात, म्हणजे ते बरेच कठीण ठरते. तेच ‘वी कॅनॉट पुट अप विथ डिले’ असे लिहिले की उच्चार आठच राहतात, पण शब्द सहा होतात आणि गुण 88 वर जातात. आता ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द ज्याला येतात, त्याला त्यांतून ‘सहन करणे’ हा अर्थ कसा काढता येणार? साधनाने ज्याला सोपे म्हटले, तेच त्याला अडकवणारे ठरते. पहिली भाषा इंग्रजी असलेल्या लहान मुलाने ‘पुट अप विथ’ घरात हजारदा ऐकलेले असते, त्यामुळे त्याच्यासाठी ही मोजणी ठीक आहे. आपल्या वाचकासाठी ती दिशाभूल करणारी आहे.

हा घोटाळा जुनाच आहे. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये बेसिक इंग्लिश मांडले. शब्द अवघे 850 आणि त्यांत क्रियापदे जेमतेम 18. परंतु 18 क्रियापदांत संसार चालवायचा म्हटल्यावर ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गिव्ह’ यांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ जोडत बसण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. शब्दांची यादी आखूड झाली, पण ओझे जोडण्यांवर जाऊन पडले आणि त्या जोडण्या यादीत मोजल्याच गेल्या नाहीत.

जोडण्यांचे ओझे किती असते, याची कल्पना 2007 साली गार्डनर आणि डेव्हिस यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या मोठ्या संग्रहावर केलेल्या पाहणीवरून येते. सर्वाधिक आढळणाऱ्या शंभर फ्रेझल व्हर्बांना त्यांना सरासरी पाच-सहा अर्थ सापडले. म्हणजे एक जोडणी पाठ केली तरी काम संपत नाही.

पण खरी अडचण अर्थ न कळण्याची नाही. अर्थ कळला असे वाटण्याची आहे. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, तो शेजाऱ्याला विचारतो किंवा कोश उघडतो. ‘गोज ऑफ’मध्ये थांबवणारे काहीच नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या ओळखीचे आहेत. आपल्याकडे मराठी शिकणाऱ्या माणसाला ‘तो रागाच्या भरात बोलून बसला’ हे वाक्य दिले, तर ‘बोलणे’ आणि ‘बसणे’ दोन्ही येत असल्याने तो त्या माणसाला खुशाल खुर्चीवर बसवील आणि आपले काही चुकते आहे, याची त्याला जाणीवही होणार नाही.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी आहे की, सुटे शब्द ओळखीचे असणाऱ्या वाचकाला त्यांतून चुकीचा पण पटण्याजोगा अर्थ लागू शकतो का, हे पाहावे. लागत असेल तर तो प्रयोग आधी काढावा, मग तो कितीही साधा आणि बोलीतला वाटो. ‘सिट डाउन’, ‘गो बॅक टू पेज फोर’, ‘टेक द फिल्टर आउट’ यांत शब्द आपापले अर्थ धरून असतात, त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

चौकटराजांचे म्हणणे त्यामुळे अर्धे खरे आहे. त्या मानकात फ्रेझल व्हर्बांना मज्जाव आहे, पण त्यांच्या जागी कोणताही एक शब्द चालतो असे तेथे म्हटलेले नाही. मान्य शब्दांचा एक कोशच त्या मानकाचा भाग आहे आणि त्यात प्रत्येक शब्दाला शक्यतो एकच अर्थ बांधून दिलेला आहे. तेथे ‘फॉलो’ म्हणजे फक्त मागून येणे. सूचना पाळायची असेल तर ‘ओबे’ वापरावे लागते. आपण केवळ मनाईचा नियम उचलला आणि कोश तेथेच ठेवला, तर ‘फाइंड आउट’च्या जागी ‘अ‍ॅसर्टेन’ आणि ‘एन्ड अप’च्या जागी ‘कल्मिनेट’ असे काहीतरी लिहून बसू. एक क्रियापद निवडताना वाचकाला आधीच येत असलेले निवडावे : ‘लर्न’, ‘स्टॉप’, ‘डू’, ‘कॉल’, ‘चेंज’.

चौकटराजा

कोशाचा मुद्दा मान्य. पण मग आग विझवण्याचे काय करावे? ‘पुट आउट द फायर’ यातला ‘आउट’ म्हणजे ‘बाहेर’ असे समजून कोणी जळती वस्तू दाराबाहेर नेऊन ठेवली तर? आपल्याच कसोटीने ते काढायला हवे आणि ‘एक्स्टिंग्विश’ तर कोणाला येत नाही.

तळटीप

नेमका हाच प्रसंग असा आहे, जेथे मी कठीण शब्द पत्करते. धोक्याच्या सूचनेत वाचक अडला तरी चालेल, पण त्याचा गैरसमज होता कामा नये. शिवाय आग विझवण्याच्या नळकांड्यावर हाच शब्द छापलेला असतो, त्यामुळे तो शब्द आणि ती वस्तू एकमेकांना आधार देतात. पहिल्या वापराच्या वेळी शेजारी चित्र द्यावे किंवा ‘स्टॉप द फायर’ असे एक साधे वाक्य जोडावे. धोका नसलेल्या मजकुरात मात्र मी एवढा अवघड शब्द कधीच निवडणार नाही.

पानगळ

मी इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी कथा सोप्या करून लिहिते, त्यामुळे माझी अडचण निराळी आहे. सूचनेत अर्थ पोहोचला की काम झाले, पण कथेत वाक्प्रचाराबरोबर बोलणाऱ्याचा स्वभावही येतो. अलीकडे एका कथेत मालक म्हणतो, ‘वी हॅड टू लेट हिम गो.’ सुटे शब्द पाहिले तर मालकाने त्याला जाऊ दिले, म्हणजे जणू तोच रजा मागत होता. माझ्या गटातल्या काही वाचकांनी तसाच अर्थ घेतला आणि मालक दयाळू ठरला. मी ते बदलून ‘वी टूक हिज जॉब अवे’ केले, तर मालक निष्ठुर वाटू लागला. मूळ वाक्यात तो कामावरून काढतोही आहे आणि ते शब्दांनी झाकतोही आहे. सोप्या वाक्यात हे दोन्ही एकत्र बसवता येत नाही.

तळटीप

पानगळ, एका वाक्यात ते बसणार नाही, दोन वाक्यांत कदाचित बसेल. आधी निवेदनात नोकरी गेल्याचे सरळ सांगावे आणि मग मालकाच्या तोंडी मूळचे शब्द तसेच ठेवावेत. घडलेली गोष्ट आधीच ठाऊक असली की वाचकाला शब्दांतली सफाई आपोआप जाणवते.

पानगळ

तसे करून पाहिले आहे. अर्थ पोहोचतो, पण मूळ कथेत वाचकाला हळूहळू उमगणारी गोष्ट आधीच फोडून टाकल्यासारखी होते. तूर्त हा प्रश्न माझ्यासाठी उघडाच आहे.

अर्धविराम

कथेची अडचण खरोखरच वेगळी आहे, पण ‘लेट गो’चे उदाहरण मला उपयोगी पडेल, कारण माझ्या लेखकाने एका ठिकाणी झडप सोडून देण्यासाठी हेच शब्द वापरले आहेत. तेथे ते अगदी शब्दशः आहेत, म्हणून राहू देतो.

तळटीप, आपण माझा परिच्छेद घेऊन दाखवाल का? आणि साठ पानांमधून असे प्रयोग शोधायचे कसे, हेही सांगावे. दोन-चार वाचनांनंतर डोळे त्यांच्यावरून नुसते घसरत जातात.

तळटीप

शोधण्याचे आधी सांगते. क्रियापदे शोधू नयेत, ती शेकडो असतात. त्यांना चिकटणारे शब्द थोडेच आहेत, ते शोधावेत. पॅटर्नने शोधू देणाऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये हे चालते :

```
\b(up|down|off|out|over|away|back|into|through)\b
```

याचा आणखी एक फायदा आहे. ‘शट द युनिट डाउन’मध्ये क्रियापद आणि ‘डाउन’ यांची फारकत झालेली आहे. आपण ‘शट डाउन’ असे जोडीने शोधले असते तर हे वाक्य निसटले असते. ‘इन’ आणि ‘ऑन’ मी मुद्दाम वगळले आहेत, कारण ते प्रत्येक ओळीत सापडतात आणि माणूस कंटाळून शोधणेच सोडून देतो. त्यांच्यासाठी ‘फिल इन’, ‘कीप ऑन’ अशी छोटी यादी वेगळी करावी. वाक्प्रचार मात्र अशा शोधात सापडत नाहीत. ‘कट कॉर्नर्स’मध्ये पकडण्याजोगा कोणताच शब्द नाही. तेथे ज्याला विषय माहीत आहे, पण इंग्रजी बेताचेच येते, असा वाचकच उपयोगी पडतो.

आता परिच्छेदाकडे वळू. ‘गोज ऑफ’विषयी वाद नाही, ते जायलाच हवे. ‘द अलार्म साउंड्स’ असे अनेक जण लिहितात, पण ‘साउंड’ हे बहुतेकांना नाम म्हणूनच ठाऊक असते, त्यामुळे क्रियापद कोठे आहे ते शोधत वाचक पुढे जातो. ‘रिंग्स’ चांगले आहे. मात्र गजराबरोबर दिवाही लागत असेल आणि कक्षात यंत्रांचा आवाज मोठा असेल, तर ‘स्टार्ट्स’ अधिक सुरक्षित, कारण त्यात आवाज आणि दिवा दोन्ही येतात. हे तुमच्या लेखकाला विचारून ठरवावे.

‘शट द युनिट डाउन’ची जागा ‘स्टॉप द युनिट’ने घ्यावी.

खरी गंमत ‘लुक इन्टू’मध्ये आहे. चौकटराजांनी सुचवलेले ‘इन्व्हेस्टिगेट’ अर्थाला धरून आहे, पण तंत्रज्ञाने हाताने नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. ‘फाइंड द कॉज’ हे सोपे आणि स्पष्ट आहे, पण त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. ‘लुक इन्टू’मध्ये शोध घ्यायचा असतो, सापडलेच पाहिजे असे नसते. ‘फाइंड’ म्हटले की सापडेपर्यंत थांबायचे नाही. मग कारण सापडले नाही तर काय करायचे? मूळ वाक्य याविषयी गप्प आहे आणि बोलीतल्या मोघमपणामुळे ते गप्प आहे हे लक्षातही येत नव्हते. येथे संपादकाने स्वतः निर्णय घेऊ नये, लेखकाला लेखी विचारावे.

‘गेट बॅक टू द सुपरव्हायझर’चेही तसेच. पर्यवेक्षकाकडे चालत परत जायचे, की त्याला नंतर उत्तर कळवायचे? इंग्रजीत दोन्ही अर्थ होतात. शिवाय ‘बिफोर यू स्टार्ट इट अप अगेन’मध्ये एक अट दडलेली आहे. नुसते सांगितले की झाले, की त्याची परवानगी मिळेपर्यंत थांबायचे? मला दुसरी शक्यता अधिक वाटते, पण वाटण्यावर सूचना लिहिता येत नाहीत.

‘कट कॉर्नर्स’चा अर्थ कोणी ‘कोपरे कापू नका’ असा घेतला, तर पत्र्याचे किंवा आवरणाचे कोपरे शाबूत ठेवा, असा निष्कर्ष निघू शकतो. तो विचित्र असला तरी देखभालीच्या पुस्तिकेत अशक्य वाटत नाही, म्हणून धोक्याचा आहे. त्याऐवजी ‘डू एव्हरी स्टेप’. मूळच्या प्रयोगात घाईने आणि स्वस्तात काम उरकण्यावर जो ठपका आहे तो यातून जातो, हे खरे. पण सूचनापुस्तिकेत ठपक्याची गरज नाही.

‘डोन्ट पॅनिक’ मी काढूनच टाकले असते. त्यात करण्यासारखे काही नाही.

जुना वाचक

सर्वांचे लेखन वाचले आणि बरेचसे पटले. तरी माझा एक आक्षेप आहे. आपण सगळेच प्रयोग काढून टाकले, तर ते वाचकाला कधीच भेटणार नाहीत. उद्या पर्यवेक्षक तोंडी ओरडून ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणणारच आहे, तेव्हा तंत्रज्ञ पुन्हा तेथेच अडखळेल. त्यापेक्षा मूळ प्रयोग ठेवून शेजारी अर्थ द्यावा. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांतही वाक्प्रचारांचा अर्थ मिळण्याची सोय ठेवा असेच सांगितले आहे, ते काढा असे नाही.

आणखी एक. आपण ‘शट डाउन’ काढण्याचा सल्ला दिला, पण यंत्राच्या फलकावर तेच शब्द असतील तर?

तळटीप

दुसऱ्या मुद्द्यावर आपण बरोबर आहात आणि तो महत्त्वाचा आहे. बटणावर किंवा पडद्यावर `SHUT DOWN` लिहिलेले असेल, तर पुस्तिकेत तेच, त्याच अक्षरांत यायला हवे. तेथे ते क्रियापद राहत नाही, बटणाचे नाव होते. ‘प्रेस `SHUT DOWN`. द युनिट स्टॉप्स’ असे लिहावे, म्हणजे नाव आणि अर्थ दोन्ही मिळतात. `Log in`, `Back up` यांनाही हेच लागू आहे.

पहिल्या मुद्द्यावर मी निम्मीच सहमत आहे. त्या तत्त्वांमधली ती कसोटी सर्वांत वरच्या, म्हणजे तीन ए पातळीची आहे आणि निवांत वाचल्या जाणाऱ्या पानांसाठी ती सोय चांगली आहे. गजर वाजत असताना तळाशी दिलेला अर्थ कोण शोधणार? प्रशिक्षणाच्या पुस्तकात मूळ प्रयोग अर्थासह जरूर द्यावा. कृतीच्या पानावर देऊ नये.

जुना वाचक

प्रशिक्षणाचे पुस्तक बहुतेक ठिकाणी नसतेच, असते ती हीच एक पुस्तिका. म्हणून माझे मत कायम आहे. मागच्या पानांवर दहा-पंधरा प्रयोगांचा कोश जोडला, तर काय बिघडणार आहे?

अर्धविराम

लेखकाशी बोललो. गजराबरोबर लाल दिवा लागतो आणि कक्षात आवाज मोठा असतो, म्हणून ‘स्टार्ट्स’ ठरले. फलकावर `STOP` आहे, त्यामुळे ‘शट डाउन’चा प्रश्न सुटला. ‘गेट बॅक टू’ने त्याला अभिप्रेत होते फोन करणे आणि परवानगी मिळेपर्यंत थांबणे. हे त्याच्या डोक्यात इतके स्पष्ट होते की आपल्या वाक्यात ते नाही, हेच त्याला आधी पटेना. सध्याचा मसुदा असा आहे :

‘व्हेन द अलार्म स्टार्ट्स, प्रेस `STOP`. फाइंड द कॉज ऑफ द अलार्म. कॉल द सुपरव्हायझर अँड टेल द कॉज. डू नॉट स्टार्ट द युनिट बिफोर द सुपरव्हायझर सेज येस. डू एव्हरी स्टेप.’

पुन्हा वाचून घेताना ‘समजले का?’ असे विचारले नाही, कारण त्याला सगळेच होकार देतात. ‘गजर सुरू झाला आहे, आता तुम्ही काय कराल ते क्रमाने सांगा’ असे म्हटले. गजराविषयी गोंधळ उरला नाही. मात्र ‘डू एव्हरी स्टेप’ऐकून एकाने विचारले की, कोणत्या पायऱ्या? जिन्याच्या? यंत्राजवळ खरोखरच लोखंडी जिना आहे. आता ‘डू ऑल द इन्स्ट्रक्शन्स ऑन धिस पेज’ करण्याचा विचार आहे, लांब असले तरी.

कारण सापडले नाही तर काय करायचे, याचे उत्तर लेखकाकडे तयार नव्हते. तो यंत्र बनवणाऱ्यांना विचारणार आहे, तोपर्यंत ते वाक्य पिवळ्या रंगात ठेवले आहे.

चौकटराजा

‘डू इन्स्ट्रक्शन्स’ हे इंग्रजीच्या दृष्टीने अवघडलेले वाटते. त्या मानकाप्रमाणे ‘ओबे’ येथे चपखल बसेल.

तळटीप

बसेल, पण शीतकक्षाच्या तंत्रज्ञांना तो शब्द येतो का, हे विचारून पाहावे. विमानाच्या तंत्रज्ञांना तो प्रशिक्षणात शिकवलेला असतो. अर्धविराम, शक्य असल्यास ते वाक्य गाळूनच पाहावे. वरच्या चार सूचना क्रमांक घालून एकाखाली एक लिहिल्या, तर सगळ्या करायच्या आहेत हे निराळे सांगावे लागेलच असे नाही.

जुना वाचक

आणि मागच्या कोशाचे काय ठरले?

अर्धविराम

पानांची मर्यादा आहे, त्यामुळे लेखक तयार नाही. मी एका पानाची मागणी करून ठेवली आहे आणि त्यात ‘गो ऑफ’ पहिले असेल.